नायगाराच्या हॉटेलचे ४८० डॉलर रुपयांत किती झाले?

शाळेत मला गणित शिकवणारे सर आणि काकू २०२५च्या एप्रिलमध्ये मुलाकडे न्यू जर्सीला गेले होते. मेच्या पहिल्या आठवड्यात मुलाने दोघांना नायगारा दाखवायला नेलं. हॉटेलचा खर्च मीच करणार, असा सरांचा हट्ट होता, म्हणून ते बिल त्यांच्या पुण्यातल्या बँकेच्या क्रेडिट कार्डावर गेलं. जूनमध्ये परतल्यावर ते माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या हातात स्टेटमेंटची प्रिंट आणि हिरव्या पुठ्ठ्याची खर्चाची डायरी होती.

डायरीत ६ मेच्या पानावर लिहिलं होतं: हॉटेल, ४८० डॉलर, दर ८४.३५, म्हणजे ₹४०,४८८. दर त्यांनी त्या दिवशीच्या बाजाराच्या बंद भावावरून घेतला होता. स्टेटमेंटवर मात्र हॉटेलच्या नावापुढे ₹४१,१६० छापलेले होते. चार ओळी खाली `FOREIGN CURRENCY MARKUP FEE` या नावाने ₹१,४४०.६०, आणि त्याखाली जीएसटीचे ₹२५९.३१. तिन्ही मिळून ₹४२,८५९.९१.

सरांनी वजाबाकी आधीच करून आणली होती. "दोन हजार तीनशे एकाहत्तर रुपये एक्याण्णव पैसे," ते म्हणाले. "हे कुठे गेले ते मला ओळीओळीने दाखव. मला वाटतं बँकेने डॉलर वर जायची वाट पाहिली आणि बिल काढलं त्या दिवसाचा दर लावला."

मी बरीच वर्षं एका बँकेच्या कार्ड विभागात ताळमेळाच्या टेबलावर काढली आहेत. हा संशय मी शेकडो वेळा ऐकलाय. त्यातला एक भाग खरा आहे: दर स्वाइप केलेल्या दिवसाचा नव्हता. दुसरा भाग, बँकेने दिवस निवडला हा, चुकीचा आहे. आणि या दोन्हींच्या गोंधळात सगळ्यात मोठी रक्कम कुठे गेली, याकडे लक्षच जात नाही. म्हणून सरांच्या परवानगीने हे प्रकरण इथे पूर्ण मांडते. बाजाराचे बंद भाव खरे आहेत. कार्डाच्या नेटवर्कचे, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डचे, दर हिशेब हाताने करता यावा म्हणून जवळच्या पाच पैशांवर आणले आहेत, आणि रुपयांचे आकडे त्याच बेताने बसवले आहेत.

एका बिलाच्या चार तारखा

६ मेला दुपारी चेक-इन करताना काउंटरवर कार्ड घेतलं गेलं. सरांच्या मुलाच्या फोनवर (त्यांनी तोच नंबर तात्पुरता दिला होता) लगेच एसएमएस आला, तो ६०० डॉलरचा. खोलीचं भाडं, कर आणि वर थोडी सुरक्षा रक्कम असं हॉटेलने अडवून ठेवलं होतं. याला होल्ड म्हणतात. होल्ड लागला की कार्डाची मर्यादा तेवढी कमी होते, पण पैशांचा व्यवहार झालेला नसतो. बँकेच्या ॲपमध्ये त्या दिवशी याची रुपयांतली रक्कमही दिसत होती. ती फक्त अंदाजाची असते. मर्यादेतून किती वजा धरायचे ते बँकेला ठरवावं लागतं, तेवढ्यापुरती.

८ मेला सकाळी चेक-आउट झालं. तेव्हा हॉटेलने खरं बिल बंद केलं: ४८० डॉलर. ही दुसरी तारीख. स्टेटमेंटवर व्यवहाराची तारीख म्हणून हीच छापली होती.

हॉटेल, दुकानं, पेट्रोल पंप आपली दिवसभराची बिलं रात्री एकत्र करून आपल्या बँकेकडे पाठवतात. ती बँक ती व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या यंत्रणेकडे ढकलते. हे काम ९ मेला झालं, आणि रुपयांचा आकडा पक्का झाला तो इथे. ही तिसरी तारीख स्टेटमेंटवर बहुतेक वेळा नसतेच, आणि नेमकी हीच महत्त्वाची असते.

चौथी तारीख १८ मे, स्टेटमेंट निघाल्याची. तिचा दराशी काहीही संबंध नाही. १८ मेला डॉलर शंभर रुपये झाला असता किंवा सत्तर, तरी ४१,१६०मध्ये एका पैशाचा फरक पडला नसता.

सरांचा गोंधळ का झाला असेल, ते मी समजू शकते. बँकांच्या अटींमध्ये आणि कॉल सेंटरच्या बोलण्यात "बिलिंगच्या दिवसाचा दर" हा शब्द सर्रास येतो. ग्राहक त्याचा अर्थ महिन्याचं बिल निघायचा दिवस असा घेतो, कारण मराठीत आणि एकूणच आपल्याकडे बिल म्हणजे तेच. कार्डांच्या यंत्रणेत मात्र बिलिंग रक्कम म्हणजे कार्डधारकाच्या चलनात रूपांतर झालेली रक्कम. परदेशातल्या व्यवहाराचा जो संदेश बँकेकडे येतो, त्यात दोन रकमा शेजारी असतात. एक व्यवहाराची, जिच्यापुढे चलनाचा आकडी संकेत `840` असतो, म्हणजे अमेरिकी डॉलर. दुसरी बिलिंगची, तिच्यापुढे `356`, म्हणजे भारतीय रुपया. आणि या दोहोंना जोडणारा दर त्याच संदेशात वेगळ्या रकान्यात भरलेला असतो. माझ्या टेबलावर रोज हेच तीन रकाने तपासायचे असत. दर तिथे आधीच छापून आलेला असायचा. आम्ही तो भरत नव्हतो.

म्हणून बँकेने वाट पाहिली, हा आरोप टिकत नाही. वाट पाहिली ती हॉटेलने, आणि तीही हेतूने नाही. पाहुणा राहायला आला ६ला, गेला ८ला, बिल गेल्यावरच बंद होतं. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचंही असंच असतं. अनेक परदेशी दुकानं वस्तू रवाना करतात तेव्हाच पैसे मागतात, मग ऑर्डर आणि रूपांतर यांत आठवडासुद्धा जाऊ शकतो. उलट कॅफेतली कॉफी सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पक्की होते.

नेमकं काय घडलं त्या तीन दिवसांत

सरांचं नशीब या बाबतीत खरंच वाईट होतं. ६ मेला रुपया डॉलरमागे ८४.३५वर बंद झाला होता. त्याच रात्री ऑपरेशन सिंदूर झालं. ७ मेला रुपया ८४.७७वर आला. ८ मेला सीमेवरचा ताण वाढला आणि एका दिवसात ८४ पैसे घसरून रुपया ८५.६१वर बंद झाला. एका दिवसात एवढी घसरण रोजची नसते. सर नायगाराच्या काठी उभे असताना इकडे त्यांचं बिल महाग होत होतं.

९ मेला नेटवर्कने लावलेला दर ८५.७५. हे कळायला स्टेटमेंटपलीकडे काहीच लागत नाही. ४१,१६०ला ४८०ने भागलं की झालं. भागाकार सरांनीच केला, डायरीच्या मागच्या पानावर, दोन ओळींत.

आता इथे एक बारकावा. ६ मेचा नेटवर्कचा दर तरी ८४.३५ होता का? नव्हता. वर्तमानपत्रातला दर बँका आपसांत मोठ्या रकमांचे सौदे करतात त्याचा असतो. व्हिसा आणि मास्टरकार्ड घाऊक बाजारातल्या दरांवरूनच आपला दर ठरवतात, पण तो दिवसाला एकच असतो आणि बंद भावाशी तंतोतंत जुळत नाही. या हिशेबात ६ मेसाठी मी ८४.५५ धरलाय. बाजारापेक्षा २० पैसे जास्त, म्हणजे पाव टक्क्याच्याही आत. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो, तेव्हा शुक्रवारचाच दर पुढे चालतो.

२,३७१ रुपये ९१ पैशांची फोड

मी सरांपुढे कागद ओढला आणि सगळ्यात लहान रकमेपासून सुरुवात केली.

वर्तमानपत्रातला दर आणि नेटवर्कचा दर यांतला फरक डॉलरमागे २० पैसे. ४८० डॉलरवर ₹९६. सरांनी डायरीत लिहिताना हा फरक धरला नव्हता, आणि तो कोणीच धरत नाही.

मग तारीख सरकल्याचा फरक. ८४.५५ऐवजी ८५.७५ लागला, म्हणजे डॉलरमागे ₹१.२०. ४८०ने गुणलं की ₹५७६. सरांचा सगळा राग ज्या गोष्टीवर होता, तिची किंमत एवढी.

आता मार्कअप, म्हणजे बँकेचं शुल्क. सरांच्या कार्डावर परदेशी चलनातल्या व्यवहाराला साडेतीन टक्के लागतात. आपल्याकडच्या बऱ्याचशा सर्वसाधारण क्रेडिट कार्डांवर हाच आकडा दिसतो. या साडेतीनवर १८ टक्के जीएसटी. इथे लोक दोन प्रकारे चुकतात. काही जण जीएसटी विसरतात आणि साडेतीनच धरतात. काही जण १८ टक्के अख्ख्या बिलावर लागले असं समजून घाबरतात. जीएसटी फक्त शुल्कावर असतो: साडेतीनचे १८ टक्के म्हणजे ०.६३, आणि दोन्ही मिळून ४.१३ टक्के. तारीख सरकलीच नसती, ४०,५८४ रुपयांवरच हिशेब झाला असता, तरी या ४.१३ टक्क्यांचे ₹१,६७६.१२ झालेच असते.

सरांनी तिन्हींची बेरीज केली. "दोन हजार तीनशे अठ्ठेचाळीस रुपये बारा पैसे. अजून तेवीस रुपये एकोणऐंशी पैसे कमी पडतायत."

ते तेवीस रुपये एकोणऐंशी पैसेच मला त्यांना दाखवायचे होते. शुल्क डॉलरवर ठरत नाही. ते रूपांतर झालेल्या रुपयांवर ठरतं. डॉलर महाग झाला की बिलाचे रुपये वाढतात आणि त्या वाढीव ₹५७६वरही पुन्हा ४.१३ टक्के बसतात: ₹२३.७९. दोन्ही गोष्टी एकमेकींत मिळवल्या जात नाहीत, गुणल्या जातात. पूर्ण सूत्र एका ओळीत मावतं:

```
रुपये = डॉलर × रूपांतराच्या दिवसाचा दर × (१ + मार्कअप × १.१८)

४८० × ८५.७५ × (१ + ०.०३५ × १.१८) = ४२,८५९.९१
```

म्हणजे सरांना एक डॉलर पडला ८९ रुपये २९ पैशांना. डायरीत होते ८४ रुपये ३५ पैसे.

कशाकडे बघायचं

कागद भरल्यावर सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी ₹१,६७६वर बोट ठेवलं. अख्ख्या फरकातला साधारण सत्तर टक्के वाटा त्याचा होता. आणि हे कधी घडलं? तर अलीकडच्या काळातल्या रुपयाच्या सर्वांत वाईट दिवसांपैकी एक दिवस मध्ये आलेला असताना. एरवी तीन-चार दिवसांत रुपया दहा-वीस-तीस पैसे इकडेतिकडे होतो, आणि तो खालीच जातो असंही नाही; वर गेला तर तारीख सरकण्याचा आपल्याला फायदा होतो. कार्डाच्या ४.१३ टक्क्यांएवढा फटका नुसत्या दरातून बसायला डॉलर ८४.५५वरून ८८च्या पुढे जावा लागेल, जवळपास साडेतीन रुपयांनी, तेही काही दिवसांत. ८ मेची घसरण झाली त्याच्या चौपटीहून जास्त व्हावी लागली असती.

त्यामुळे दराची तारीख आपल्या हातात नाही याचं फार वाईट वाटून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यावर आपला ताबा आहे ते म्हणजे कोणतं कार्ड खिशातून काढायचं. दोन टक्के मार्कअपचं कार्ड असतं तर जीएसटीसह २.३६ टक्के लागले असते, आणि त्याच वाईट दराने बिल ₹४२,१३१.३८ झालं असतं. मार्कअपच नसलेलं कार्ड असतं तर ₹४१,१६०वर थांबलं असतं.

पण कमी मार्कअपच्या कार्डाला बऱ्याचदा वार्षिक शुल्क असतं. ते वसूल होतं का, हे आपल्या खर्चावर बघायचं. समजा वर्षाला हजार रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे ₹१,१८०. साडेतीनवरून दोनवर आलो तर दर शंभर रुपयांमागे ₹१.७७ वाचतात. ₹१,१८० भरून निघायला वर्षाला सुमारे ६७ हजार रुपयांचा परदेशी खर्च हवा. सरांचा त्या फेरीतला कार्डावरचा खर्च त्याहून जास्त होता, म्हणून त्यांना असं कार्ड परवडतं. ज्यांच्या कार्डावर वर्षाकाठी एखादं परदेशी ॲपचं वर्गणीबिल येतं, त्यांना परवडत नाही.

"रुपयांत देऊ का?" या प्रश्नाचं काय झालं

स्टेटमेंटवर आणखी एक ओळ होती, तिच्याबद्दल सरांची तक्रार नव्हती. उलट ते समाधानी होते. ६ मेलाच संध्याकाळी काकूंनी धबधब्याजवळच्या दुकानातून नातवंडांसाठी रेनकोट, टोप्या, काचेचे गोळे असं १२० डॉलरचं घेतलं. कार्ड लावल्यावर मशीनच्या पडद्यावर दोन पर्याय आले: `USD 120.00` आणि `INR 10,704.00`. सरांनी रुपये निवडले. "आकडा तिथेच कळला. नंतर काही गोंधळ नको," असं त्यांचं म्हणणं.

यात रूपांतर नेटवर्क करतच नाही. दुकानाच्या बाजूची यंत्रणा जागच्या जागी करते, आणि दर ती ठरवते. १०,७०४ला १२०ने भागलं तर ८९.२० येतात. त्या दिवशी नेटवर्कचा दर ८४.५५ धरला तर साडेपाच टक्के जास्त. शिवाय व्यवहार रुपयांत असला तरी दुकान परदेशात आहे म्हणून सरांच्या बँकेने एक टक्का वेगळा लावला, त्यावर जीएसटी: ₹१०७.०४ आणि ₹१९.२७. कार्डाच्या शुल्कांच्या तक्त्यात ही ओळ मार्कअपच्या खाली, लहान अक्षरात होती. एकूण ₹१०,८३०.३१.

डॉलर निवडले असते तर? हे बिल हॉटेलच्या आधीच्या दराने पक्कं झालं असतं तर ८४.५५ आणि ४.१३ टक्के धरून ₹१०,५६५.०३. अगदी ९ मेच्या वाईट दराने झालं असतं तरी ₹१०,७१४.९८. म्हणजे रुपया कोसळूनसुद्धा, साडेतीन टक्के मार्कअप भरूनसुद्धा, डॉलरच स्वस्त पडले असते. रुपयांत देण्याचा एकमेव फायदा, दर सरकण्यापासून संरक्षण, त्या आठवड्यात जितका उपयोगी पडू शकला असता तितका पडला, आणि तरी पुरला नाही. सरांना हे पटायला वेळ लागला. त्यांनी तिन्ही आकडे स्वतः पुन्हा काढले.

हा पर्याय विचारल्याशिवाय मशीनवाल्याने परस्पर रुपये दाबले, असंही होतं. पावतीवर सही करण्याआधी किंवा पिन टाकण्याआधी चलन बघावं. रुपये दिसले तर तो व्यवहार तिथेच रद्द करून डॉलरमध्ये करायला सांगता येतं.

परत आलेले साठ डॉलर

हॉटेलच्या ४८०मध्ये ६० डॉलर पार्किंगचे होते. गाडी मुलाने बाहेर सार्वजनिक जागेत लावली होती, तिचे पैसे वेगळे दिले होते. हे लक्षात आलं घरी परतल्यावर, आठवड्याने. हॉटेलने चूक मान्य केली आणि ६० डॉलर परत पाठवले. पुढच्या स्टेटमेंटवर ते ₹५,१०९ म्हणून जमा झाले होते.

त्या ६० डॉलरसाठी सरांच्या खिशातून मात्र ₹५,३५७.४९ गेले होते: ८५.७५च्या दराने ₹५,१४५, वर ४.१३ टक्क्यांचे ₹२१२.४९. परतावा हा यंत्रणेच्या दृष्टीने नवा व्यवहार असतो. त्याला त्याच्या दिवसाचा दर लागतो. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रुपया थोडा सावरला होता, दर ८५.१५ लागला, आणि दरातून ₹३६ गेले. रुपया आणखी घसरला असता तर इथे चार पैसे सुटलेही असते. पण ₹२१२.४९चा मार्कअप परत आला नाही. काही बँका परतावा आला की शुल्कही उलटं जमा करतात. सरांच्या बँकेच्या अटींत तसं नव्हतं.

यावर उपाय आहे, पण तो काउंटरवरच करायचा. बिल त्याच दिवशी, रात्रीच्या गठ्ठ्यात जायच्या आधी दुरुस्त झालं, तर हॉटेल मूळ व्यवहार व्हॉइड करू शकतं. व्हॉइड झालेला व्यवहार रूपांतरापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून दरही लागत नाही आणि मार्कअपही नाही. होल्ड तेवढा काही दिवसांत आपोआप सुटतो. चेक-आउटच्या वेळी छापील बिल दोन मिनिटं वाचलं असतं तर ₹२४८.४९ वाचले असते. काकूंनी हे ऐकून सरांकडे पाहिलं, कारण बिल वाचायचं त्यांनी त्या सकाळी सुचवलं होतं.

आपलं स्टेटमेंट कसं तपासायचं

सरांचा शेवटचा प्रश्न योग्य होता. "तू सांगतेस की दर नेटवर्कचा. पण बँकेने त्यात आपलं काही घातलं नाही हे मला कसं कळणार?"

व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांच्याही संकेतस्थळावर चलन रूपांतराचा गणक सर्वांसाठी खुला आहे. त्यात रक्कम, व्यवहाराचं चलन, कार्डाचं चलन आणि तारीख भरायची. बँकेच्या शुल्काचा रकानाही असतो, तो शून्यच ठेवायचा. आपल्याला शुद्ध दर हवा आहे. मग स्टेटमेंटवरची फक्त मूळ ओळ घ्यायची, मार्कअप आणि जीएसटीच्या ओळी सोडून, आणि तिला डॉलरने भागायचं. स्वाइपच्या दिवसापासून नोंद दिसल्याच्या दिवसापर्यंत एकेक तारीख गणकात टाकून बघायची. ज्या दिवशी दर जुळतो, तो दिवस आपल्या रूपांतराचा. कार्ड कोणत्या नेटवर्कचं आहे ते बघून त्याचाच गणक वापरावा. एका कार्डाचा दर दुसऱ्याच्या गणकात शोधला तर पैशांचा फरक राहणारच, आणि उगाच संशय येईल.

कोणताच दिवस जुळला नाही तर आपला दर भागिले गणकातला दर, असं करून बघायचं. उत्तर १.०३५च्या आसपास आलं, तर बँकेने मार्कअप वेगळ्या ओळीत न दाखवता दरातच मिसळलाय. यात गैर नसतं, फक्त दाखवण्याची पद्धत वेगळी. गैर आहे ते दरातही मिसळलेला आणि खाली पुन्हा वेगळ्या ओळीत लावलेला दिसला तर. तसंच जीएसटीची ओळ मार्कअपच्या ओळीच्या बरोबर १८ टक्के आहे का, आणि मार्कअपचा टक्का कार्डासोबत मिळालेल्या शुल्कांच्या तक्त्याशी जुळतो का. यातलं काही चुकलं असेल तर तक्रार लेखी करावी, आणि "दर जास्त लावला" एवढंच न म्हणता डॉलर, रुपये, भागाकाराने आलेला दर, गणकातला दर आणि तारीख, एवढं एका ओळीत लिहावं. टेबलाच्या पलीकडे बसलेली असताना अशा तक्रारीचं उत्तर मी त्याच दिवशी देऊ शकत असे. नुसत्या रागाच्या पत्राला आधी हे सगळे आकडे मला शोधावे लागत.

युरो किंवा थायी बाथ असेल तर एक सावधगिरी. काही कार्डांच्या अटींत डॉलर सोडून इतर चलनातली रक्कम आधी डॉलरमध्ये आणि मग रुपयांत बदलली जाते असं असतं. तिथे गणकातला थेट दर किंचित हुकू शकतो. तेवढ्या किरकोळ फरकावरून भांडू नये.

सरांनी त्यांच्या कार्डाचा पडताळा माझ्यासमोरच केला. ६ मे जुळला नाही, ७ नाही, ८ नाही, ९ जुळला. मार्कअप आणि जीएसटी पैशापर्यंत बरोबर. बँकेकडे तक्रार करण्यासारखं काही उरलं नाही. मग त्यांनी हिरव्या डायरीत ६ मेच्या पानावर ₹४०,४८८ खोडले नाहीत. त्याच्या पुढे आडवी रेघ मारून "अंदाज" लिहिलं, आणि नव्या पानावर दोन रकाने आखले. पहिल्यात डॉलर, दुसऱ्यात ८९.२९च्या जागी पुढच्या खेपेला टाकायचा गुणक: दर गुणिले १.०४१३. काकू म्हणाल्या की कार्ड बदललं तर गुणकही बदलेल. सरांनी तो आकडा पेनाने न लिहिता पेन्सिलीने लिहिला.